‘दूद’ आणि ‘ऊन्ह’ : भ, घ, ध मधला श्वास नेमका असतो कुठे?

पंढरपुरात आम्ही काही कार्यकर्ते दर रविवारी वस्तीतल्या विहारात मुलांचा अभ्यासवर्ग घेतो. मागच्या उन्हाळ्याआधी सहावीतल्या एका मुलीने तिची शाळेची वही आमच्यापुढे ठेवली. शुद्धलेखनाचा उतारा होता. ‘दूद’ आणि ‘वाग’ या दोन शब्दांभोवती लाल गोल होता आणि शेजारी ‘दूध’, ‘वाघ’ असं लिहिलेलं होतं. खाली तिसरा गोल होता. तिने ‘ऊन्ह’ लिहिलं होतं आणि बाईंनी त्यातला ‘ह’ खोडून ‘ऊन’ केलं होतं. वर एक शेराही तोंडी मिळाला होता : “घरात असंच बोलता का तुम्ही?”

मुलीचा प्रश्न साधा होता. “दूदमध्ये ह ऐकू येत नाही तरी लिहायचा. उन्हातमध्ये ह ऐकू येतो, तरी ऊनमध्ये लिहायचा नाही. मग ऐकून लिहायचं की पाहून?”

आमच्यापैकी कुणालाच तिथल्या तिथे उत्तर देता आलं नाही. समाजशास्त्र शिकताना भाषा आणि प्रतिष्ठा यांच्या संबंधावर आम्ही पानंच्या पानं वाचली होती, पण ‘ध’ उच्चारताना गळ्यात काय होतं हे माहीत नव्हतं. ते समजून घेतल्यावर त्या तीन लाल गोलांचा उलगडा झाला. शिवाय आपण रोज उच्चारतो त्या भीम, बुद्ध, धम्म, संघ, भन्ते या शब्दांतला श्वास कुठे बसलेला असतो, तेही कळलं. ते इथे सविस्तर मांडतो.

शाळेत आपण शिकतो की क, ग, त, द, प, ब हे अल्पप्राण आणि ख, घ, थ, ध, फ, भ हे महाप्राण. महाप्राण म्हणजे ज्यात ‘ह’ मिसळला आहे तो. मोबाईलवर रोमन लिपीत लिहिताना आपण तेच करतो : kh, gh, th, dh, bh. सगळीकडे तोच h. गोंधळाची सुरुवात इथेच होते, कारण kh मधला h आणि gh मधला h ही गळ्याची दोन वेगळी कामं आहेत.

चार शब्द घ्या : कडी, खडी, गडी, घडी. दाराची कडी, रस्त्यावरची खडी, कामाचा गडी आणि कपड्याची घडी. चारही शब्दांत पुढचं सगळं सारखं आहे, फरक फक्त पहिल्या व्यंजनाचा. आता उजव्या हाताचा तळवा तोंडासमोर चार बोटं अंतरावर धरा आणि डाव्या हाताची दोन बोटं गळ्याच्या घाटीवर ठेवा. ‘कडी’ म्हणताना तळव्यावर जवळजवळ काही येत नाही. ‘खडी’ म्हणताना हवेचा एक स्पष्ट झोत आदळतो, आणि नीट लक्ष दिलं तर जाणवतं की झोत जात असताना घाटीतली थरथर बंद आहे. ती झोत संपल्यावर सुरू होते. ‘गडी’ म्हणताना झोत नाही, पण थरथर अगदी सुरुवातीपासून आहे. ‘घडी’मध्ये थरथरही सुरुवातीपासून आहे आणि तळव्यावर हवाही येते. मात्र ‘खडी’सारखी आदळत नाही, उबदार पसरट वाफेसारखी येते, आणि ती येत असताना थरथर थांबत नाही.

शेवटच्या वाक्यातच या विषयाचं मर्म आहे. ‘ख’मध्ये आधी श्वास आणि मग आवाज असा क्रम असतो. ‘घ’मध्ये श्वास आणि आवाज एकाच वेळी चालतात.

आपल्या स्वरयंत्रात दोन स्वरतंतू असतात. बोलताना ते एकमेकांवर आपटून थरथरतात. साधारणपणे मोठ्या पुरुषाच्या आवाजात सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा आणि बाईच्या आवाजात दोनशेच्या आसपास. ‘ख’ उच्चारताना जीभ मागे टाळूला चिकटलेली असतानाच हे तंतू एकमेकांपासून लांब गेलेले असतात. दार सताड उघडं. जीभ सुटली की फुप्फुसातली हवा अडथळ्याविना बाहेर पडते आणि तंतूंना जवळ येऊन थरथरायला थोडा वेळ लागतो. तेवढा वेळ तोंडातून नुसता श्वास बाहेर पडतो. ‘घ’ उच्चारताना तंतू थरथरत असतात, पण पूर्ण मिटत नाहीत. पुढच्या बाजूला आपटत राहतात आणि मागच्या टोकाला फट राहते. त्या फटीतून हवा गळत राहते आणि आवाजही चालू राहतो. दार लोटलेलं आहे पण कडी लावलेली नाही, असं समजा. दमलेला माणूस सुस्कारा टाकत “हं” म्हणतो तेव्हा असाच आवाज निघतो. भाषाशास्त्रात याला श्वासमिश्रित घोष म्हणतात, आणि काही जण त्याला मर्मर असंही म्हणतात.

मराठीतला ‘ह’ सुद्धा, विशेषतः दोन स्वरांमध्ये, असाच असतो. ‘पहा’ म्हणताना घाटीवर बोट ठेवा, थरथर तुटत नाही. इंग्रजी हाऊस किंवा हॅट या शब्दांच्या सुरुवातीचा ह मात्र नुसत्या श्वासाचा आहे. म्हणून ‘भ म्हणजे ब अधिक ह’ हे वाक्य अगदीच खोटं नाही, फक्त तो ह मराठी हवा आणि तो ‘ब’च्या मागून येणारा नको, त्याच्यावर पसरलेला हवा. ‘ख’मधला ह त्या इंग्रजी ह च्या जवळचा आहे. काही मुलं ‘ब अधिक ह’ शब्दशः घेतात आणि ‘भीम’ वाचताना ‘ब-हीम’ असं तोडून म्हणतात. चूक त्यांची नाही, समजावणाऱ्याची आहे.

हा फरक जुन्या ध्वनिशास्त्रकारांच्या लक्षात आला होता. तैत्तिरीय प्रातिशाख्य या वैदिक ध्वनिग्रंथात गळ्याच्या तीन अवस्था सांगितल्या आहेत : मिटलेला गळा म्हणजे नाद, उघडा गळा म्हणजे श्वास, आणि या दोहोंच्या मधल्या अवस्थेत ‘ह’ व घ, झ, ढ, ध, भ हा वर्ग. कसलंही यंत्र नसताना केलेलं हे निरीक्षण आहे आणि ते अचूक आहे. ते ज्ञान कुणाला ऐकायलाही बंदी होती हा वेगळा विषय, आणि तो आमच्या वाचकांना सांगायला नको. नवल इतकंच की शाळेच्या पुस्तकापर्यंत पोचेतो त्यातली मधली अवस्था गळाली आणि ‘महाप्राण’ हा एकच शिक्का उरला.

पाली परंपरेतही हा विचार आहे. तिथे अल्पप्राणाला ‘शिथिल’ आणि महाप्राणाला ‘धनित’ म्हणतात. विनयपिटकावरची समन्तपासादिका ही अट्ठकथा पाचव्या शतकातली, बुद्धघोषांच्या नावावर असलेली. तिच्यात संघकर्माच्या वेळी म्हटल्या जाणाऱ्या कम्मवाचेचे उच्चारदोष सांगितले आहेत. शिथिलाच्या जागी धनित म्हणणं हा एक दोष आणि धनिताच्या जागी शिथिल म्हणणं हा दुसरा. दुसऱ्याचं उदाहरण म्हणून तिथे ‘भन्ते संघो’ऐवजी ‘बन्ते संगो’ म्हणणं दिलं आहे. अशा चुकीने ते कर्मच बिघडतं असं अट्ठकथा मानते. भ आणि घ नेमके याच उदाहरणात यावेत, हे आम्हाला विशेष वाटलं. हे व्यंजन किती सहज निसटतं याचा अनुभव त्या काळच्या भिक्खूंनाही आलेला असणार. गंमत म्हणजे बुद्धघोष या नावात असे दोन ध्वनी आहेत, आणि ‘घोष’ हीच स्वरतंतूंच्या थरथरीची शास्त्रीय संज्ञा आहे.

हे व्यंजन निसटतं म्हणजे काय होतं, ते ‘जय भीम’वरूनच पाहू. तमिळमध्ये प, फ, ब, भ या चौघांसाठी लिपीत एकच अक्षर आहे आणि श्वासाचा हा फरक त्या भाषेत मुळात नाही. 2021 साली आलेल्या ‘जय भीम’ या तमिळ चित्रपटाचं नाव तमिळ लिपीत याच अक्षराने लिहिलं गेलं आणि तमिळ माणसाच्या तोंडी ते सहजपणे ‘जय बीम’ होतं. पंजाबीत वेगळंच घडलं आहे. तिथे शब्दाच्या सुरुवातीच्या ‘भ’मधली थरथर आणि श्वास दोन्ही गेले, उच्चार ‘प’सारखा झाला, आणि त्याच्या बदल्यात पुढच्या स्वराचा सूर खाली उतरला. म्हणजे पंजाबी माणूस ‘भीम’ म्हणतो तेव्हा मराठी कानाला ‘पीम’सारखं काहीतरी ऐकू येतं, पण सूर खालचा असतो, त्या सुरावरूनच पंजाबी कान ‘भ’ ओळखतो. हे विचित्र वाटेल, पण त्याला कारण आहे. स्वरतंतू सैल ठेवून श्वास सोडला की आवाजाची पट्टी आपोआप थोडी उतरते. आपल्याही ‘भा’ची सुरुवात ‘बा’पेक्षा किंचित खालच्या सुरात होते. आपल्यात ती नुसती सोबत आहे, पंजाबीत तीच मुख्य खूण झाली.

थायलंडमध्ये पालीचं उलटं झालं. तिथल्या उच्चारात ब आणि भ दोन्ही मिळून श्वासाचा ‘फ’ झाला, म्हणून भिक्खु तिथे ‘फिक्खु’ होतो आणि बुद्धचा ‘फुत्थ’. श्रीलंकेत लिहिताना महाप्राण लिहितात, पण बोलण्यातल्या सिंहलीत ते राहिलेले नाहीत. बोधगयेला वेगवेगळ्या देशांच्या विहारांतली वंदना ऐकणाऱ्या आपल्या तरुणांना कधी कधी वाटतं की मूळ उच्चार त्यांचाच असणार. त्रिशरणात ‘बुद्धं’ येतं आणि ‘गच्छामि’ही. ‘बुद्धं’मधला ‘द्ध’ श्वासमिश्रित घोषाचा आणि ‘गच्छामि’मधला ‘च्छ’ नुसत्या श्वासाचा. हा फरक आपल्या आज्जीच्या तोंडी आपसूक आहे, कारण तो तिच्या बोलीत आहे. त्यासाठी वेगळी शिकवणी लागत नाही.

आता त्या वहीकडे येऊ. श्वास नेमका कुठे असतो हे डोळ्यांनी पाहायचं म्हणून आम्ही एक प्रयोग केला. अॅमस्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बोअर्स्मा आणि डेव्हिड वीनिंक यांनी बनवलेलं Praat नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात ध्वनीची लहर मोठी करून पाहता येते आणि हवा तो तुकडा कापता येतो. पहिल्या रविवारी आमचं ध्वनिमुद्रण फसलं. मुलं मोबाईल तोंडासमोर धरून बोलली आणि ‘ख’चा झोत माइकवर आदळून सगळी लहर फाटली. दुसऱ्या वेळी मोबाईल गालाच्या बाजूला, वीतभर अंतरावर धरला आणि सुटा शब्द न म्हणता “आता गडी म्हण”, “आता घडी म्हण” अशी वाक्यं म्हणायला लावली. सुटा शब्द म्हणताना मुलं उगाच जोर देतात आणि ‘घडी’ची ‘गहडी’ करतात.

‘खडी’च्या लहरीत आधी सपाट रेष दिसली, मग जीभ सुटल्याची एक टोकदार रेघ, त्यानंतर गवतासारखा खरखरीत पट्टा आणि मग स्वराच्या नियमित लाटा. तो गवताचा पट्टा सेकंदाच्या शंभर भागांपैकी सहा-सात भाग रुंद होता. ‘गडी’मध्ये टोकदार रेघेच्या आधीपासूनच बारीक नियमित लाटा होत्या आणि रेघेनंतर लगेच भरदार लाटा. ‘घडी’मध्ये रेघेच्या आधीचं चित्र हुबेहूब ‘गडी’चं होतं. फरक रेघेनंतर होता : लाटा चालूच, पण सुरुवातीला बुटक्या, गोलसर, कडा खरखरीत झालेल्या, आणि हळूहळू भरत जाणाऱ्या. म्हणजे ‘घ’चा श्वास ‘घ’च्या पुढच्या स्वरावर सांडलेला असतो.

यावर आम्ही आणखी एक खोडी केली. ‘घडी’तला टोकदार रेघेनंतरचा तो खरखरीत तुकडा कापला, मागचा-पुढचा भाग जोडला आणि मुलांना ऐकवला. बहुतेकांनी “गडी” असं सांगितलं.

हे आमचं घरगुती काम झालं. जाणकारांनी ते फार आधी केलेलं आहे. 1964 साली ली लिस्कर आणि आर्थर अब्रामसन या अमेरिकी संशोधकांनी अकरा भाषांतली व्यंजनं मोजली, त्यांत मराठी होती. त्यांचं माप साधं होतं : जीभ किंवा ओठ सुटल्यापासून गळ्याची थरथर सुरू व्हायला किती वेळ लागतो. या एका मापाने अनेक भाषांमधली व्यंजनं छान वेगळी झाली. मराठीत क, ख आणि ग हेही वेगळे झाले. पण ग आणि घ या मापाने वेगळे होईनात, कारण दोघांतही थरथर जीभ सुटण्याच्या आधीच सुरू झालेली असते. फरक थरथर कधी सुरू होते यात नव्हता, ती कशी आहे यात होता. पुढे 2013 साली केली हार्पर बर्कसन यांनी कॅन्सस विद्यापीठात मराठीतल्या याच श्वासमिश्रित आवाजावर प्रबंध लिहिला. त्यात भ, घ यांच्याबरोबर म्ह, न्ह यांसारखे ध्वनीही तपासले आहेत. म्ह, न्ह, ल्ह, व्ह हे मराठीचं खास वैभव आहे, जगातल्या फार थोड्या भाषांत असे ध्वनी सापडतात. म्हैस, म्हातारी, न्हाणी, कोल्हा, जिव्हाळा. आमच्या बाजूचं म्हसवड आणि तिकडचं कऱ्हाड. या शब्दांत म, न, ल, व, र यांच्यावर तोच श्वास पसरलेला आहे. पालीत अम्हे आणि तुम्हे होते, त्यांचे आम्ही आणि तुम्ही झाले. हा लेख ज्या ‘आम्ही’ने लिहिला आहे, त्याच्यातही तो आहे.

आता मुलीच्या प्रश्नाचं उत्तर जुळवता येतं. ‘घ’, ‘ध’, ‘भ’ यांचा श्वास पुढच्या स्वरावर बसतो. मग पुढे स्वरच नसेल तर? ‘दूध’ हा शब्द लिहिताना शेवटी ‘ध’ असला तरी बोलताना त्याच्या पुढे स्वर नाही. आपण ‘दूध्’ म्हणतो, जीभ दातामागे टेकते आणि शब्द संपतो. श्वासाला बसायला जागाच उरत नाही, म्हणून ‘दूद’ ऐकू येतं. वाघचा वाग, जीभची जीब, लोभचा लोब. हे वस्तीतच होतं असं नाही. बातम्या देणारे, वकील, प्राध्यापक आणि लाल गोल करणाऱ्या बाई, सगळे सहज बोलताना ‘दूद’ म्हणतात. विश्वास बसत नसेल तर कुणाला न सांगता “चहात दूध कमी आहे का?” हे विचारताना ऐका. ‘दूध’चा श्वास मुद्दाम ऐकवायचा झाला तर माणसाला शेवटी छोटासा ‘अ’ जोडून ‘दूधऽ’ म्हणावं लागतं. म्हणजे श्वासासाठी आधी स्वराची बैठक तयार करावी लागते.

दुधाला, दुधात, दुधाची म्हटलं की स्वर आला, आणि त्याच्याबरोबर श्वास परत आला. श्वास मेलेला नव्हता, जागेअभावी दबून बसला होता.

‘ऊन’चं अगदी हेच आहे. पालीत उष्ण म्हणजे उण्ह. त्याचं मराठीत ऊन्ह होऊन शेवटचा श्वास गळाला आणि ऊन राहिलं. पण पुढे स्वर आला की तो परततो : उन्हात, उन्हाचं, उन्हाळा. दूध-दुधात आणि ऊन-उन्हात ही एकाच नियमाची दोन उदाहरणं आहेत. लिहिताना मात्र आपल्या परंपरेने दोघांना दोन न्याय लावले. ‘दूध’मध्ये ऐकू न येणारा श्वास लिहायचा, ‘ऊन’मध्ये लिहायचा नाही. मुलीने ‘दूद’ लिहिलं तेव्हा ती कानाने लिहीत होती. ‘ऊन्ह’ लिहिलं तेव्हा तिने उन्हात, उन्हाळा यांवरून नियम ताडला होता. पहिल्यात कान बरोबर होता आणि दुसऱ्यात डोकं. दोन्ही वेळा लाल गोल मिळाला. लेखनाचा संकेत पाळायला हवा हे मान्यच आहे, परीक्षेत गुण त्याचेच मिळतात. पण संकेताबाहेर लिहिणं आणि अडाणी असणं यांत अंतर आहे, आणि “घरात असंच बोलता का?” या वाक्याने ते अंतर पुसलं जातं.

काही शब्दांत हा श्वास कायमचा गेला आहे. भीक हा शब्द पाहा. पालीत भिक्खा, त्याच धातूवरून भिक्खु. मराठीत शेवटचा ‘ख’ जाऊन ‘क’ झाला, हिंदीने मात्र भीख ठेवला. तसंच पालीतल्या हत्थचा हिंदीत हाथ, आपल्याकडे हात. सिक्खतिचं हिंदीत सीखना, आपल्याकडे शिकणं. हिंदीतली भूख, आपली भूक. सगळीकडे शब्दाच्या आतला किंवा शेवटचा श्वास गेला, पण भीक आणि भूक यांच्या सुरुवातीचा ‘भ’ जागचा हललेला नाही. त्याच्या पुढे स्वर आहे, तोही ठसठशीत. जय भीममधला ‘भ’ मराठीत इतका टणक का, याचं कारण तेच आहे. तो शब्दाच्या तोंडाशी, दीर्घ ‘ई’च्या मांडीवर बसला आहे.

शब्दाच्या पोटातले श्वास मधल्या परिस्थितीत आहेत. आमच्या गावाच्या नावातच एक आहे. 1237 सालच्या होयसळ राजा सोमेश्वराच्या शिलालेखात हे गाव ‘पंडरगे’ म्हणून येतं, ‘ड’ने. पांडुरंगमध्ये आजही ‘ड’च आहे. पंढरी आणि पंढरपूर यांत मात्र ‘ढ’ आला. तरी एसटी स्टँडवर उभं राहून ऐका. गाडी सुटायच्या घाईत कंडक्टर ‘पंडरपूर’ ओरडतो, कारण ‘ढ’च्या पुढचा स्वर इतका आखूड की त्यावर श्वास मावत नाही. तोच कंडक्टर ‘माढा’ म्हणताना ‘ढ’ सोडत नाही, तिथे पुढे लांब ‘आ’ आहे. आणि समाधीजवळ हात जोडणारी बाई ‘चोखोबा’ म्हणते तेव्हा ‘ख’चा झोत पाच हातांवर ऐकू येतो. तो नुसत्या श्वासाचा, चंद्रभागेतला ‘भ’ मिसळलेला. एवढ्याशा परिसरात दोन्ही सापडतात.

आमच्या वर्गात आम्ही आता असं करतो. शब्दाच्या शेवटी श्वास लिहायचा का, अशी शंका आली की मुलांनी त्याला ‘ला’ किंवा ‘त’ लावून मोठ्याने म्हणायचं. दूध, दुधाला : श्वास आला, ध लिहा. हात, हाताला : नाही आला, त लिहा. जीभ, जिभेला : आला. भूक, भुकेला : नाही. बहुतेक शब्द या चाळणीतून नीट जातात. ऊन हा अपवाद, तो पाठ करायचा, आणि तो अपवाद का आहे हे मुलांना सांगायचं. जी मुलं घरी ‘वागाला’, ‘दुदात’ असंच बोलतात, त्यांच्याकडे ही चाळणी चालत नाही, कारण त्यांच्या बोलीत मधला श्वासही गेलेला आहे. त्यांना ते शब्द पाहून पाहूनच लक्षात ठेवावे लागतात. इंग्रजीतले न बोलले जाणारे स्पेलिंगमधले वर्ण आपण सगळे तसेच पाठ करतो आणि त्याबद्दल कुणी आपल्या घराचा उद्धार करत नाही.

त्या मुलीने पुढच्या रविवारी स्वतःच चाळणी लावून वीस शब्दांची यादी आणली. त्यात एकच शब्द अडला होता : सांज. तिने ‘सांजेला’ करून पाहिलं होतं, श्वास नव्हता. पण मोठ्या भावाने हिंदी पुस्तकातून ‘सांझ’ काढून दाखवलं होतं आणि घरात वाद पेटला होता. पालीत तो शब्द सञ्झा आहे. म्हणजे भाऊ हिंदीपुरता बरोबर होता आणि ती मराठीपुरती.